चाकणची शाखा जोडताना: आयपीसेक की टीएलएस?

"ताई, तुमचं बोलणं मधेच थांबतंय आणि मग सगळं एकदम धावत येतंय." चाकणच्या शाखेत स्टोअर सांभाळणाऱ्या दादांनी जुलैत मला हे फोनवर सांगितलं आणि ते अगदी नेमकं होतं. आवाज खराब येत नव्हता, थांबून येत होता. त्या एका वाक्यापासून माझं दीड महिन्याचं काम सुरू झालं.

आमचं मुख्य कार्यालय एरंडवण्यात. तिथेच ईआरपी, ड्रॉइंगची फाइल सर्व्हर आणि टेलिफोन एक्स्चेंज. चाकण एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा तिथली अठरा माणसं, आठ आयपी फोन, दोन प्रिंटर आणि दारातलं हजेरीचं मशीन असं सगळं मुख्य कार्यालयाच्या नेटवर्कला जोडायचं होतं. नेटवर्क सांभाळणारी मी एकटीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांना घरून काम करता यावं म्हणून मी ओपनव्हीपीएन बसवलं होतं, म्हणजे इंटरनेटमधून कार्यालयापर्यंत कूटबद्ध बोगदा, आमच्या भाषेत टनेल, उभारणारी प्रणाली. ते टीएलएसवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइट वापरतात त्याच कूटबद्ध पद्धतीवर चालतं, आणि कोणत्याही नेटवर्कमधून आरपार जावं म्हणून मी ते टीसीपी ४४३ वर ठेवलं होतं. लॅपटॉपसाठी ते चार वर्षं विनातक्रार चाललं. म्हणून शाखेच्या राउटरलाही मी त्याच सर्व्हरचा एक क्लायंट करून टाकला. पहिला आठवडा छान गेला. मग पाऊस धरला, शाखेची ब्रॉडबँड लाइन अधूनमधून डेटाची पाकिटं गाळू लागली, आणि दादांचा फोन आला.

मी चाकणला जाऊन बसले. राउटरवरून आमच्या फायरवॉलच्या सार्वजनिक पत्त्याला टनेलबाहेरून पिंग लावला: वेळ आठ मिलिसेकंद, पण शंभरातली दोनेक पाकिटं गायब. मग तोच पिंग टनेलच्या आतून, सर्व्हरच्या खासगी पत्त्याला, आणि त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर एक मोठं ड्रॉइंग कॉपी करायला घेतलं. आत एकही पाकीट हरवत नव्हतं. पण वेळ आठवरून दोनशे, चारशे, कधी नऊशे मिलिसेकंदांवर उडी मारत होती. बाहेर गळती आहे आणि आत मात्र शून्य, हेच लक्षण आहे. गळती कुठे नाहीशी झालेली नसते, तिचं उशिरात रूपांतर झालेलं असतं.

असं का होतं ते सांगते. टीसीपीचं वचन असं की प्रत्येक बाइट पोचेल, आणि क्रमानेच पोचेल. आमचं अख्खं टनेल म्हणजे असं एकच टीसीपी कनेक्शन होतं. त्यातलं एक पाकीट हरवलं की त्याच्या मागून आलेली सगळी पाकिटं पलीकडच्या टोकाला पोचूनही थांबून राहतात, हरवलेलं पुन्हा येईपर्यंत. चाकणच्या तळेगाव चौकात एक कंटेनर बंद पडला की मागे रांगेत कोण आहे याला अर्थ उरत नाही, रुग्णवाहिका असली तरी ती थांबते. फोनचा आवाज दर वीस मिलिसेकंदांना एक पाकीट या हिशोबाने जातो. हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवायला टाइमरची वाट पाहावी लागली, तर लिनक्सवर ती वाट किमान दोनशे मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात आवाजाची दहा पाकिटं तुंबतात आणि सुटली की एकदम येतात. "धावत येतंय" ते हेच. साध्या लाइनवर ते एक पाकीट हरवलं असतं तर कानाला जेमतेम कळलं असतं.

फाइल कॉपीचं दुखणं याहून वाईट. कॉपीचं स्वतःचं एक टीसीपी आत असतंच. बाहेरचं टीसीपी हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवायच्या खटपटीत असतं, तेव्हा आतल्याला फक्त उशीर दिसतो. आपलं पाकीट हरवलं असं समजून तेही पुन्हा पाठवतं. आता तोच माल दोनदा त्याच तुंबलेल्या रांगेत. गळती थोडी वाढली की वेग हळूहळू उतरत नाही, एकदम बसतो.

म्हणून पहिला बदल सोपा होता: शाखेसाठी सर्व्हरची वेगळी प्रत उभी केली आणि तिथे `proto udp` लिहिलं. यूडीपी कुणाची वाट पाहत नाही. हरवलं ते हरवलं, बाकीचं पुढे जातं, आणि पुन्हा पाठवायचं की नाही ते आतला कार्यक्रम ठरवतो. फोन त्याच दिवशी सुधारले. "टीएलएसचं व्हीपीएन शाखेला चालत नाही" असं सरसकट बोललं जातं ते म्हणूनच मला पटत नाही. दोष टीएलएसचा नव्हता, त्याच्या खाली मी टीसीपी ठेवलं होतं त्याचा होता.

मग तिथेच का थांबले नाही? शाखेची लाइन शंभर एमबीपीएसची आणि वेग मोजणारा `iperf3` टनेलमधून पंचवीसच्या आसपास दाखवत होता. राउटरमध्ये लॉगिन करून `top` पाहिलं तर ओपनव्हीपीएनची एकच प्रक्रिया एक कोअर पूर्ण खात होती आणि बाकीचे तीन कोअर रिकामे बसले होते. आमच्या राउटरवरच्या आवृत्तीत प्रत्येक पाकीट कर्नलमधून वर प्रोग्रॅमपर्यंत येतं, तिथे कूटबद्ध होतं आणि पुन्हा खाली जातं, तेही एकाच धाग्यात. हे काम कर्नलमध्येच करणारं मॉड्यूल नव्या ओपनव्हीपीएनसोबत येतं, पण आमच्या पेटीच्या फर्मवेअरमध्ये ते नव्हतं. टनेल उभारायची दुसरी पद्धत म्हणजे आयपीसेक. तिचं कूटबद्धीकरण मात्र कर्नलमध्येच होतं, आणि आमच्या पेटीत त्यासाठी वेगळी चिपही होती. ती चिप आजवर बसून होती.

दुसरं कारण सुरक्षेचं. टीएलएसवर चालणाऱ्या व्हीपीएनचं असं एक सामाईक प्रमाण नाही, प्रत्येक उत्पादकाची आपापली मांडणी. त्यातल्या वेब पोर्टलवाल्या पेट्यांवर इतके हल्ले झाले की नॉर्वेच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने मे २०२४ मध्ये तसली व्हीपीएन २०२५ पर्यंत बदलून, दोन टोकांमध्ये किल्ल्या ठरवणाऱ्या आयकेईच्या आवृत्ती २ सह आयपीसेक घ्यावं असा सल्ला दिला. ओपनव्हीपीएन हे वेब पोर्टल नव्हे, ही गोष्ट वेगळी. पण आयपीसेकला प्रमाण आहे, म्हणून एका टोकाला आमची लिनक्सवरची स्ट्राँगस्वान ही आयपीसेकची प्रणाली आणि दुसऱ्या टोकाला भलत्याच मेकचा राउटर असं जमतं. उद्या चाकणची पेटी बदलली तरी मुख्य कार्यालयात काही हलवावं लागणार नाही. मला हे फार मोलाचं वाटलं.

इथे पहिली अडचण आली. शाखेच्या राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता `100.72` ने सुरू होणारा दिसत होता. `100.64.0.0` ते `100.127.255.255` हा पट्टा २०१२ मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या नॅटसाठी राखून ठेवला गेला. त्यातला पत्ता दिसला की समजायचं, ब्रॉडबँडवाल्याने अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. आमच्या लाइनवाल्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, आयपीसेक करायचं तर दोन्हीकडे स्टॅटिक आयपी लागणारच." त्याचे वर्षाचे वेगळे पैसे होते. व्यवस्थापकांनी मंजुरीही दिली. पण मी आधी करून पाहायचं ठरवलं, कारण हा समज कुठून आला ते मला ठाऊक होतं.

आयकेईच्या पहिल्या आवृत्तीत, सामाईक गुपित वापरून नेहमीच्या मेन मोडने जोडणी केली, तर समोरच्याची ओळख कूटबद्ध होऊन येते. ती उघडायला गुपित लागतं, आणि कुठलं गुपित लावायचं हे ठरवायला हातात फक्त समोरचा आयपी पत्ता असतो. पत्ता बदलता असला की सगळं अडतं. आयकेई आवृत्ती २ मध्ये आधी किल्ली ठरते, मग ओळख येते, आणि गुपित त्या ओळखीवरून निवडता येतं. ओळख म्हणून कुठलंही नाव चालतं. आणि नॅटचं म्हणाल तर दोन्ही टोकं पहिल्याच निरोपात आपल्या पत्त्याचा आणि पोर्टचा हॅश पाठवतात. तो जुळला नाही की वाटेत नॅट आहे हे कळतं आणि पुढचं सगळं यूडीपी ४५०० मधून जातं. आयपीसेकच्या डेटा नेणाऱ्या मूळ ईएसपी पाकिटाला पोर्ट क्रमांकच नसतो, त्यामुळे अनेकांमध्ये वाटलेल्या पत्त्यामागून ते परत कुणाकडे द्यायचं हे नॅटला कळत नाही. यूडीपीच्या वेष्टनात तो प्रश्न राहत नाही.

म्हणजे अट एकच: एका टोकाला खरा सार्वजनिक पत्ता हवा, आणि जोडणीची सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाने करायची. मुख्य कार्यालयाला लीज लाइन आहेच. मी तिथे यूडीपी ५०० आणि ४५०० उघडले, ओळखीची नावं आणि चाळीस अक्षरांचं यादृच्छिक गुपित ठरवलं, आणि चाकणहून सुरुवात केली. पाच सेकंदांत टनेल उभं राहिलं. `iperf3` नव्वदच्या आसपास गेला. स्टॅटिक आयपीचे पैसे वाचले ते वेगळेच.

त्या संध्याकाळी मी समाधानाने घरी निघाले. नाशिक फाट्याला पोचते तोच फोन. "ताई, बंद पडलं सगळं. पण राउटर बंद करून चालू केला, आता चालतंय." पुढच्या तासाभरात पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी शाखेतल्या मंडळींनी राउटर चार वेळा बंद-चालू केला. अकाउंट्समधल्या ताईंनी तर वेळा कागदावर लिहून ठेवल्या होत्या: १०:०५, ११:१५, १२:२०, १:३०. त्या कागदाने मला जे सांगितलं ते लॉग वाचून मला कदाचित दोन दिवसांनी कळलं असतं. घटना दर पासष्ट-सत्तर मिनिटांनी घडत होती. लाइन गळत असती तर तिने घड्याळ पाहिलं नसतं. हे किल्ली बदलण्याच्या वेळेशी जुळत होतं. स्ट्राँगस्वानमध्ये डेटाच्या टनेलची किल्ली आपोआप तासाला बदलते, आणि बदल फसला तर तासाच्या एकदशांश, म्हणजे सहा मिनिटांनी, जुनी किल्ली कायमची मरते. छासष्ट मिनिटं. वर राउटर चालू व्हायचा वेळ.

मुख्य कार्यालयाच्या लॉगमध्ये त्या मिनिटाला `NO_PROPOSAL_CHOSEN` दिसलं. दोन्ही टोकांच्या अटी जुळत नाहीत असा त्याचा अर्थ. मग पहिल्यांदा जुळल्या कशा? इथेच आयकेई आवृत्ती २ ची मेख आहे. पहिल्या डेटा टनेलची किल्ली सुरुवातीच्याच देवाणघेवाणीतून काढली जाते, त्यासाठी नवं गुपित ठरवायची वेगळी डिफी-हेलमन फेरी होत नाही. म्हणून त्या फेरीचा गट दोन्हीकडे वेगळा लिहिला असला, किंवा एकीकडे लिहिलेलाच नसला, तरी पहिला तास कुणी तक्रार करत नाही. चूक पहिल्या किल्लीबदलाला उघडी पडते. माझ्याकडे असं होतं:

```
esp_proposals = aes256gcm16-ecp256
rekey_time = 1h
```

आणि चाकणच्या पेटीत त्या जागी ही फेरी चालू करणारी "पीएफएस" नावाची खूणच लावलेली नव्हती. मी खूण लावली, गट `ecp256` निवडला. मग घाई न करता `swanctl --list-sas` उघडून बसले. चहा झाला, जेवणाचा डबा झाला, आणि तासाच्या थोडं आधीच जुन्या नोंदीच्या जागी नवा क्रमांक आला. फोन चालूच. तेव्हापासून नवं टनेल उभं केलं की मी निदान एक किल्लीबदल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते झालं असं म्हणत नाही. घाई असेल तर `rekey_time` तात्पुरता पाच मिनिटांवर आणते.

शेवटची गोष्ट ड्रॉइंगवाल्यांची. ईआरपी उघडायचं, फोल्डरची यादी दिसायची, छोट्या फाइल यायच्या. मोठं ड्रॉइंग उघडलं की नुसतं चाक फिरत राहायचं. छोटं जातं, मोठं अडकतं, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही, असं असेल तर पाकिटाच्या आकाराकडे बघायचं. लॉगमध्ये काही सापडत नाही, कारण लॉगच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं.

हिशोब मी कागदावर मांडला. शाखेची ब्रॉडबँड पीपीपीओई आहे, म्हणून तिच्यातून जाणारं सर्वांत मोठं पाकीट १५०० नव्हे तर १४९२ बाइटचं. त्यातून आयपीसेकचं वेष्टन वजा करायचं: बाहेरचा आयपी मथळा २०, यूडीपीचा ८, ईएसपीचा ८, आयव्हीचा ८, शेपटीचे २ आणि पडताळणीचे १६. बेरीज ६२. उरले १४३०. पिंगचे स्वतःचे मथळे २८ बाइटचे, म्हणजे तुकडे न करता जाईल असा सर्वांत मोठा पिंग १४०२ चा. शाखेतल्या लिनक्स मशीनवर पाहिलं:

```
ping -M do -s 1402 10.10.0.5
ping -M do -s 1403 10.10.0.5
```

पहिला गेला, दुसरा अडला. कागदावरचा आकडा असा बाइटला बाइट उतरलेला पाहून मला जो आनंद झाला तो मी त्याच जागी दादांना सांगितला. त्यांना पाकिटांचं काही देणंघेणं नव्हतं, पण "मग आता ड्रॉइंग उघडणार ना?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता.

एरवी मोठं पाकीट अडलं की वाटेतली पेटी पाठवणाऱ्याला "लहान कर" असा आयसीएमपी निरोप देते आणि तो ऐकतो. आमच्या फाइल सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करणारा जुना नियम होता. निरोप दारातूनच परत जात होता. मी तो नियम दुरुस्त केला. पण वाटेतल्या प्रत्येक पेटीचा भरवसा कोण देणार? म्हणून मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलवर टीसीपीच्या सुरुवातीच्या पाकिटातला कमाल आकाराचा दावाच कमी करून टाकला:

```
nft add rule inet filter forward tcp flags syn tcp option maxseg size set 1360
```

हिशोबाने १४३० वजा आयपी आणि टीसीपीच्या मथळ्यांचे ४०, म्हणजे १३९० चाललं असतं. ब्रॉडबँड तुटल्यावर शाखा मोबाइलच्या लाइनवर जाते, तिथे जागा आणखी कमी निघू शकते, म्हणून मी तीस बाइट हातचे राखले. ही युक्ती टीसीपीपुरतीच आहे. फोनची पाकिटं मुळातच दोनशेच्या आसपासची, त्यांना याचा त्रास नव्हता.

टीएलएसचं काय झालं? ते आजही चालू आहे, आणि टीसीपी ४४३ वरच. आमचे दोन सर्व्हिस इंजिनिअर ग्राहकांच्या कारखान्यांत जातात. तिथल्या नेटवर्कमधून बाहेर जायला ४४३ सोडून सगळं बंद असतं. यूडीपी ५०० ला उत्तरच येत नाही. आयपीसेकलाही टीसीपीत गुंडाळण्याचं प्रमाण २०१७ पासून आहे, पण ते दोन्ही टोकांना यायला हवं, आणि शिवाय तीच टीसीपीतल्या टीसीपीची अडचण परत येते. एका माणसाने एक अहवाल वर पाठवायचा असेल तर ती अडचण सोसता येते, आठ फोन आणि अठरा माणसांना नाही. शिवाय लॅपटॉप हरवला तर त्या एका माणसाचं प्रमाणपत्र रद्द करून मोकळं होता येतं. उलट हजेरीच्या मशीनमध्ये आणि प्रिंटरमध्ये कुठलाच क्लायंट बसत नाही, त्यांना राउटरनेच न्यायला हवं.

निवड करताना मी सुरुवातीला दोन्हींच्या कूटबद्धीकरणाची तुलना करत बसले होते. त्यात फार फरक निघाला नाही, दोन्हीकडे एईएस-जीसीएमच होतं. फरक पडला तो बाहेरचं वेष्टन कुठलं, पेटीतली चिप कुणाला मदत करते, आणि टोकाला एक माणूस आहे की अख्खं दालन, यांनी. आता कुणी विचारलं तर मी आधी त्यांना शाखेच्या लाइनचा वॅन पत्ता आणि टनेलबाहेरच्या पिंगचे शंभर आकडे पाठवायला सांगते.

गेल्या आठवड्यात शाखेबाहेर रस्ता खणताना फायबर तुटली. राउटर मोबाइल लाइनवर गेला, टनेल नव्या पत्त्यावरून तसंच पुढे चालू राहिलं. मला हे संध्याकाळी लॉग पाहताना कळलं. चाकणहून फोन आला नव्हता.